नाव नको, आभार चालतील

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्याकडे बाकीच्या विभागांतली माणसं दोनदाच येतात. पेपर पाठवायच्या आदल्या दिवशी, नाहीतर रिव्ह्यूअरने तो परत पाठवल्यावर. प्रयोग मांडायच्या आधी सहसा कुणी फिरकत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, इतक्या वर्षांत सवय झाली आहे. येतात तेव्हा लॅपटॉप उघडा असतो, एक्सेलची शीट रंगीबेरंगी असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, यात कुठली टेस्ट लावू?"

वनस्पतिशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक असेच आले होते. त्यांचा विषय नाचणी. खाऱ्या पाण्यात नाचणीचं बी किती उगवतं, हे त्यांनी चार पातळ्यांवर तपासलं होतं : साधं पाणी, आणि ५०, १०० व १५० मिलीमोलर मीठ. प्रत्येक पातळीला तीन पेट्री डिश, प्रत्येक डिशमध्ये २५ बिया. वरच्या दोन पातळ्यांवर उगवण इतकी पडली होती की तिथे कुठल्याच टेस्टची गरज नव्हती. पण त्यांच्या पेपरचा सगळा भर ५० मिलीमोलरवर होता. नाचणीला एवढं कमी मीठसुद्धा सोसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. सारांशात पहिल्याच वाक्यात तो होता, शीर्षकातही डोकावत होता.

आकडे असे होते. साध्या पाण्यातल्या तीन डिशांत उगवलेल्या बिया २३, २१ आणि २२. मिळून ७५ पैकी ६६. मिठाच्या पाण्यातल्या डिशांत २२, १९ आणि १३. मिळून ७५ पैकी ५४. म्हणजे एकीकडे ८८ टक्के, दुसरीकडे ७२. त्यांनी पंचाहत्तर विरुद्ध पंचाहत्तर बियांवर काय-स्क्वेअर लावला होता. उत्तर ६.०, पी-व्हॅल्यू, म्हणजे मिठाचा काहीच परिणाम नसताना नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०१४. पेपर तयार.

मी विचारलं, "ती तेरावाली डिश कसली?"

"तिच्यात थोडी बुरशी आली होती, मॅडम."

सगळी गोम तिथेच होती. एका डिशमधल्या पंचवीस बिया एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. त्यांचं पाणी एक, टिपकागद एक, झाकण एक, आणि बुरशी आली तर सगळ्यांना मिळून येते. मीठ घातलं ते बीला नाही, डिशला घातलं. म्हणून मोजायचं एकक डिश. पंचाहत्तर निरीक्षणं दिसतात, पण खरी तीनच आहेत. डिशनिहाय पाहिलं तर साध्या पाण्याची सरासरी २२, मिठाची १८. फरक चार बियांचा. पण मिठाच्या तीन डिशांमध्ये आपापसातच इतका चढउतार की टी-टेस्टचं उत्तर येतं १.४८. पाच टक्क्यांच्या पातळीवर ते निदान २.७८ हवं. पी-व्हॅल्यू ०.०१४ वरून ०.२ च्या वर गेली. मीठ नाचणीला सोसत नाही असं म्हणायला त्या तीन डिशांत पुरावा नव्हता. सोसतं असं म्हणायलाही नव्हता, पण ते वेगळं.

ही चूक नवी नाही. परिसरशास्त्रात स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये तिच्यावर मोठा लेख लिहिला आणि तिला नाव दिलं, तेव्हापासून ती सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळीकडे होते. मी काही शोध लावला नव्हता. वर्गात शिकवते तेच स्टाफरूमच्या टेबलावर सांगितलं, कागदाच्या पाठीवर बेरीज-वजाबाकी करून दाखवली, चहा झाला, बेल झाली, मी तासाला गेले.

त्यांनी ते मनावर घेतलं, हे मला विशेष वाटलं. बहुतेक जण दुसऱ्या एखाद्या संख्याशास्त्राच्या माणसाकडे जातात. त्यांनी सगळं विश्लेषण डिशनिहाय पुन्हा केलं, ५० मिलीमोलरचा दावा काढला, शीर्षक बदललं, पेपरचा भर वरच्या दोन पातळ्यांवर आणि अंकुराच्या लांबीवर नेला. हे सगळं त्यांचं त्यांनी. आणि काही दिवसांनी मेल आली. पेपर जोडलेला, लेखकांच्या रांगेत पाचवं नाव माझं, आणि खाली एक ओळ : "मॅडम, तुमच्यामुळे पेपर वाचला. नाव टाकलंय, चालेल ना?"

आता चालायला काय हरकत आहे? हा प्रश्न मी स्वतःला नीट विचारला, कारण मोह होताच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या संशोधनाच्या गुणांचा हिशेब कसा आहे ते बघा. इम्पॅक्ट फॅक्टर एक ते दोनच्या दरम्यान असलेल्या नियतकालिकातल्या पेपरला १५ गुण. लेखक दोनांपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला त्यातले ७० टक्के, म्हणजे १०.५, आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के, म्हणजे ४.५. "प्रत्येकाला" या शब्दाकडे लक्ष द्या. तीस टक्के बाकीच्यांत वाटून घ्यायचे नाहीत, प्रत्येकाने पूर्ण घ्यायचे. तिघांचा पेपर असेल तर सगळ्यांचे मिळून १९.५ गुण होतात, सहा जणांचा असेल तर ३३. पेपर तोच, डिशा त्याच. नाव वाढवल्याने कुणाच्या ताटातलं काही कमी होत नाही, उलट एक ताट जास्त मांडलं जातं. मग कोण कशाला नको म्हणेल? माझं नाव पाचवं लागलं असतं तर त्या प्राध्यापकांच्या १०.५ ला धक्का लागत नव्हता आणि मला साडेचार गुण, एका चहाच्या मोबदल्यात.

गुणांची व्यवस्था अशी असल्यावर नावं फुगतात याचं मला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की नको म्हणायची रीत कुणी कुणाला शिकवत नाही. पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर संशोधन-नीतीचा कोर्स सक्तीचा आहे. त्यात वाङ्मयचौर्यावर तास असतात, दुसऱ्याचं नाव गाळू नये हेही सांगतात. पण आपलं नाव कुणी प्रेमाने घातलं तर काय करायचं, यावर माझ्या पाहण्यात तरी कुणी बोललेलं नाही.

नियम काय म्हणतो? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई. १९७८ मध्ये काही संपादक व्हँकुव्हरला भेटले त्यातून ती निघाली. तिच्या शिफारशींकडे आता इतर विषयांतलीही नियतकालिकं बोट दाखवतात. त्यानुसार लेखक म्हणवून घ्यायला चार गोष्टी लागतात, आणि चारही लागतात. अभ्यासाची कल्पना, आखणी, माहिती जमवणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांपैकी कशात तरी भरीव वाटा हवा. लेख लिहिण्यात किंवा त्यातल्या आशयाची चिकित्सा करून तो सुधारण्यात हात हवा. छापायच्या अंतिम मसुद्याला संमती हवी. आणि चौथी अट, जी २०१३ मध्ये जोडली गेली : कामाच्या कुठल्याही भागाच्या अचूकपणाबद्दल किंवा सचोटीबद्दल प्रश्न उठला तर तो तडीला नेण्याची जबाबदारी स्वीकारलेली हवी.

पहिल्या अटीपाशीच मी बराच वेळ अडखळले. कारण "भरीव" कशाला म्हणायचं? वेळ मोजला तर माझं काम क्षुल्लक होतं. परिणाम मोजला तर पेपरचा निष्कर्ष उलटला होता. डिश हे एकक आहे, हे एक वाक्य काढून घेतलं तर तो पेपर चुकीचा छापला गेला असता. मग हे भरीव नाही तर काय? माझ्या एका मैत्रिणीने, ती रसायनशास्त्र शिकवते, हाच मुद्दा तावातावाने मांडला : "तू बायका स्वतःला कमी लेखतात त्यातलं करतेयस. एखाद्या पुरुषाने अर्ध्या तासाच्या सल्ल्यावर दुसरं नाव मागितलं असतं." तिच्या बोलण्यात तथ्य आहे. असं मागणारे आम्ही दोघींनी पाहिले आहेत.

पण परिणाम हे मोजमाप धरलं तर भलतीकडे जातं. मग लेखातली अडचण दाखवणारा रिव्ह्यूअरही लेखक ठरेल. प्रयोगशाळेतल्या ज्या मदतनिसाने "सर, या डिशला बुरशी आलीय" असं पहिल्यांदा सांगितलं, तोही. त्याने ते सांगितलं नसतं तर मी १३ या आकड्यावर बोट ठेवलं असतं, पण कारण कळलं नसतं. चूक दाखवणं मोलाचं असतं. पण चूक दाखवली म्हणून काम माझं होत नाही. माझ्या वाक्यानंतर जे करायचं होतं, म्हणजे कुठली टेस्ट, डिशा तीनच असताना तिच्यावर किती विसंबायचं, बुरशीची डिश ठेवायची की वगळायची आणि तसं का केलं ते पद्धतींच्या भागात लिहायचं, हे सगळं त्या प्राध्यापकांनी ठरवलं होतं. बुरशीची डिश त्यांनी ठेवली आणि तशी नोंद केली. बरोबर केलं. पण मला कुणी विचारलं असतं की का ठेवली, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते त्यांच्याकडे होतं.

अनेक नियतकालिकं आता प्रत्येक लेखकाने काय केलं हे एका ठराविक यादीतून निवडायला लावतात. क्रेडिट नावाची ही पद्धत, तिच्यात चौदा भूमिका आहेत : संकल्पना, पद्धती, विश्लेषण, प्रत्यक्ष प्रयोग, निधी मिळवणं, पहिला मसुदा, देखरेख, असं बरंच काही. त्या यादीने लेखक कोण हे ठरत नाही, ठरलेल्या लेखकांचं काम फक्त सांगितलं जातं. तरी मी ती समोर घेऊन बसले. माझ्या नावापुढे काय लिहिणार? "विश्लेषण" लिहायचं तर ते मी केलं नव्हतं. "पद्धती" लिहायचं तर प्रयोग मी पाहिलाही नव्हता. "पडताळणी"? मी नवीन आकडे एकदाही तपासले नव्हते. जवळचं काहीतरी शोधून त्यात बसायचा प्रयत्न सुरू झाला तेव्हाच माझं मला कळलं.

आणि मग चौथी अट. समजा दोन वर्षांनी कुणी लिहिलं की अंकुराच्या लांबीचे आकडे दोन तक्त्यांत जुळत नाहीत. मी काय करणार? ती लांबी कुणी मोजली, पट्टीने की फोटोवरून, मला माहीत नाही. लेखक म्हणून माझं नाव असेल तर "मला माहीत नाही" हे उत्तर चालत नाही. नुसतंच चालत नाही असं नाही, ते उत्तरच गुन्हा ठरतं.

लंडनमध्ये १९९४ साली हे फार मोठ्या माणसाच्या बाबतीत घडलं. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधले माल्कम पिअर्स यांनी एक प्रकरण छापलं : गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ आत आणून बसवला आणि बाळंतपण सुखरूप झालं. ब्रिटिश प्रसूतिशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात ते आलं. अशी कुणी रुग्ण नव्हतीच. त्या लेखावर सहलेखक म्हणून जेफ्री चेंबरलेन यांचं नाव होतं. ते पिअर्स यांचे विभागप्रमुख, त्याच नियतकालिकाचे संपादक आणि वर रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्सचे अध्यक्ष. त्यांनी काही खोटं रचलं नव्हतं. कामात त्यांचा हात नव्हता, नाव मात्र रिवाजाने लागलं होतं. चेंबरलेन यांना संपादकपद आणि अध्यक्षपद दोन्ही सोडावी लागली. पुढे पिअर्स यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. आपल्याकडच्या नाचणीच्या पेपराने कुणाची खुर्ची जाणार नाही, हे खरं. पण चेंबरलेन यांनाही त्या दिवशी एका शिष्टाचारापलीकडे काही वाटलं नसणार.

तर नको म्हणायचं ठरलं. आता कसं म्हणायचं, हा त्याहून अवघड भाग.

आपल्याकडे मानाचं नाकारलं की देणाऱ्याचा अपमान होतो. हळदीकुंकवाचं वाण "मला नको" म्हणून परत करता येत नाही, तसंच. मी फोन केला आणि म्हटलं, "सर, नाव काढा, एवढं काही मी केलेलं नाही." पलीकडे शांतता. मग, "मॅडम, पेपर आवडला नाही का? जर्नल छोटं आहे म्हणून?" म्हणजे माझ्या नकाराचा अर्थ त्यांनी असा लावला की मला त्या कामाशी जोडून घ्यायची लाज वाटते. हे मला अपेक्षित नव्हतं, पण असायला हवं होतं. तरुण माणसाला मोठ्याने नाव परत केलं की त्याला आधी स्वतःच्या कामातलीच खोट दिसते.

म्हणून मी प्रत्यक्ष भेटले आणि पेपरबद्दल आधी बोलले. तो मला का आवडला ते सांगितलं. स्वतःचा लाडका निष्कर्ष आकडे साथ देत नाहीत म्हणून काढून टाकणारी माणसं थोडी असतात, हे म्हटलं. मग नावाचं. तेव्हा खरं कारण बाहेर आलं.

"मॅडम, तिसरं नाव एचओडींचं आहे. चौथं, इन्क्युबेटर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं. तुम्ही एकट्या अशा आहात ज्यांनी काहीतरी केलं. तुमचंच नाव नाही, हे मला बरं वाटत नाही."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. नाव घालण्यात लबाडी नव्हती, उलट न्यायबुद्धी होती. फुकटची दोन नावं असताना कामाचं एक गाळायचं, हे त्यांना खुपत होतं. आणि मी तत्त्वाने बाहेर राहिले तर त्या दोन नावांना काही होणार नव्हतं, ती तिथेच राहणार होती. माझ्या नकाराने पेपर शुद्ध होणार नव्हता. फक्त त्यांना एक प्रश्न येणार होता : मॅडमचं नाव का नाही? आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर एचओडींकडे बोट जाणार. वरिष्ठाने नाव नाकारणं सोपं असतं, माझी नोकरी कायम आहे, बढत्या होऊन गेल्या आहेत. त्यांची प्रोबेशनची फाईल एचओडींच्या टेबलावरून जाते. एचओडींचं नाव काढा असं त्यांना सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर नीतिमान होणं. ते मी सांगितलं नाही. बाकीच्या नावांविषयी काही बोलायचं नाही, फक्त स्वतःच्या नावाविषयी बोलायचं, असं ठरवलं आणि तसं लेखी दिलं, म्हणजे कुणी विचारलं तर त्यांना दाखवता यावं. मेल एवढीच होती :

"पेपरच्या विश्लेषणाविषयी मी तोंडी सल्ला दिला. प्रयोग, विश्लेषण आणि लेखन यांत माझा सहभाग नाही, त्यामुळे सहलेखक म्हणून माझं नाव देऊ नये. सल्ल्याबद्दल ऋणनिर्देशात उल्लेख करायचा असेल तर हरकत नाही, मजकूर आधी दाखवावा."

शेवटचं वाक्य माज केल्यासारखं वाटेल, पण ते सगळ्यात कामाचं. लेखकांच्या यादीतून निघून आभारात गेलं की सुटलो, असं नसतं. त्यांनी लिहिलेला पहिला मजकूर असा होता : "संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी मॅडमचे आभार." वाचणाऱ्याला काय वाटेल? की विश्लेषण संख्याशास्त्राच्या माणसाने केलंय, म्हणजे ते बघायची गरज नाही. माझं नाव लेखकांत नाही, पण हमी मात्र माझीच. म्हणूनच आयसीएमजेई सुचवते की आभार मानायच्या माणसाची लेखी परवानगी घ्यावी, कारण नाव दिसलं की त्याने निष्कर्षांना मान्यता दिली असं वाचणारा धरतो. आम्ही ते बदलून "पेट्री डिश हे विश्लेषणाचं एकक धरावं, या सूचनेबद्दल" असं केलं. आता त्या ओळीत माझ्या कामाचं माप तेवढंच आहे जेवढं होतं. आणि, खरं सांगायचं तर, पाचव्या क्रमांकाच्या नावापेक्षा ही ओळ मला जास्त आवडली. पाचवं नाव काय केलं ते सांगत नाही.

वेळेचीही गोष्ट आहे. पेपर अजून पाठवलेला नव्हता म्हणून हे एका मेलवर भागलं. एकदा तो नियतकालिकाच्या ऑनलाइन खिडकीतून आत गेला की लेखकांची यादी गोठते. नंतर नाव काढायचं तर साधारणपणे सगळ्या लेखकांच्या सह्यांचं पत्र लागतं, कारण द्यावं लागतं, आणि संपादकाला वास येतो की आत काहीतरी भांडण आहे. छापून आल्यावर तर दुरुस्तीची जाहीर नोंद. त्या नोंदीने काढलेल्या नावापेक्षा राहिलेल्या नावांवरच जास्त संशय येतो. पुष्कळ नियतकालिकं पेपर दाखल होताच प्रत्येक सहलेखकाला आपोआप मेल पाठवतात, "आपण लेखक आहात याची खात्री करा" अशी. ती मेल न वाचता पुसणारे मला माहीत आहेत. आपलं नाव कुठे लागलंय हे त्यांना गुगल स्कॉलर सांगतं.

या विषयावर विचार करताना मला नेहमी टोरांटोचे जे. जे. आर. मॅक्लिऑड आठवतात. १९२१ च्या उन्हाळ्यात, ज्यातून पुढे इन्सुलिन सापडलं त्या प्रयोगांसाठी, त्यांनी फ्रेडरिक बँटिंग यांना प्रयोगशाळा दिली, कुत्री दिली, चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतीला दिला, सुरुवातीला पद्धत समजावली आणि स्वतः सुट्टीवर स्कॉटलंडला गेले. परत आल्यावर निकाल तपासले, प्रयोग पुन्हा करायला लावले. फेब्रुवारी १९२२ मध्ये पहिला पेपर आला, त्यावर नावं दोनच : बँटिंग आणि बेस्ट. मॅक्लिऑड यांनाही विचारलं होतं. काम या दोघांचं आहे म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही. आजच्या नियमाने पाहिलं तर नुसती जागा आणि देखरेख दिल्याने लेखक होता येत नाही, पण त्यांचा वाटा माझ्या एका वाक्यापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तरी त्यांनी नकार दिला.

त्याचं श्रेय त्यांना मिळालं का? नाही. पेपर छापून येण्याच्या आधी, डिसेंबर १९२१ मध्ये, न्यू हेवनच्या परिषदेत बँटिंग यांना नीट बोलता येईना. अध्यक्षस्थानी मॅक्लिऑड होते, ते सावरायला पुढे झाले आणि "आम्ही" असं बोलत राहिले. बँटिंग यांच्या मनात तिथे जी अढी बसली ती कधीच गेली नाही. हा माणूस माझं काम पळवतोय, असं त्यांना वाटत राहिलं. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळून जाहीर झालं तेव्हा बँटिंग यांनी आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्ट यांना दिला. मॅक्लिऑड यांनी आपला जेम्स कॉलिप यांच्याशी वाटून घेतला, ज्यांनी इन्सुलिनचा अर्क माणसाला टोचता येईल इतका शुद्ध केला होता. पेपरवरचं नाव सोडूनही मॅक्लिऑड संशयातून सुटले नाहीत. कारण कागदावर नाव नाही आणि बोलण्यात "आम्ही" आहे, याचा मेळ समोरच्याला लागत नाही.

हे वाचल्यापासून मी एक पथ्य पाळते. ज्या पेपरातून नाव काढून घेतलं, त्याचा उल्लेख स्टाफरूममध्ये "आमचा नाचणीचा पेपर" असा करत नाही. वाटतं तितकं सोपं नाही ते. दोनदा जीभ चावली आहे.

पेपर पुढे छापून आला. चार नावं, ऋणनिर्देशात माझी ओळ. एचओडींनी विचारलं नाही. मैत्रीण अजून म्हणते की साडेचार गुण सोडले.

यंदा जूनमध्ये तेच प्राध्यापक पुन्हा आले, पण लॅपटॉप न उघडता. ५० मिलीमोलरचा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. तो पुन्हा, नीट करायचा होता. "मॅडम, डिशा किती घेऊ?" जुन्या डिशांमधला चढउतार धरून मी हिशेब मांडला : चार बियांचा फरक खरा असेल तर तो दहापैकी आठ वेळा हाती लागायला प्रत्येक पातळीला बारा डिशा लागतात. त्यांचा चेहरा पडला. इन्क्युबेटरमध्ये तेवढी जागाच नाही. मग आम्ही पातळ्या कमी केल्या, प्रयोग दोन खेपांत विभागला, कुठली डिश कुठल्या कप्प्यात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, आणि बुरशी आली तर काय करायचं हे बी भिजवायच्या आधीच लिहून काढलं. विश्लेषण मी करणार, पद्धतींचा भाग मी लिहिणार, कच्चे आकडे दोघांकडे राहणार.

"आता तरी नाव टाकू ना?" त्यांनी विचारलं.

"टाका," मी म्हटलं. "पण आधी डिशा धुवून, निर्जंतुक करून घ्या. आणि मोजणीच्या पहिल्या दिवशी मला बोलवा."